क्लोरीन ३५.५, ३५.४८ की ३५.४५?

प्रश्न: क्लोरीनचं अणुवस्तुमान शाळेच्या पुस्तकात ३५.५ आहे, आवर्तसारणीत ३५.४५. मी ३५ आणि ३७ घेऊन टक्केवारीने सरासरी काढली तर ३५.४८ आलं. माझं कुठे चुकतंय? आणि प्रोटॉन-न्यूट्रॉन अर्धेमुर्धे नसतात, मग सारणीतली वस्तुमानं पूर्णांकात का नसतात?

उत्तर:

रीत बरोबर आहे, घोटाळा ३५ आणि ३७ या आकड्यांत आहे. ते क्लोरीनच्या दोन समस्थानिकांचे अणुवस्तुमानांक आहेत, वस्तुमानं नव्हेत. अणुवस्तुमानांक म्हणजे केंद्रकातले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकेक करून मोजल्यावर आलेली संख्या. मोजून आलेली, म्हणून ती पूर्णांकच असणार. वस्तुमान ही मात्र तोलून मिळणारी गोष्ट आहे, आणि तोलल्यावर क्लोरीन-३५ चा अणू ३५ भरत नाही, थोडा कमी भरतो.

तेव्हा आधी खरे आकडे घेऊ. निसर्गात क्लोरीनचे दोनच स्थिर समस्थानिक आहेत. क्लोरीन-३५ च्या एका अणूचं वस्तुमान ३४.९६८८५ u आणि दर शंभर अणूंमागे त्याचे ७५.७६ अणू. क्लोरीन-३७ चं वस्तुमान ३६.९६५९० u आणि प्रमाण २४.२४. (u म्हणजे अणुवस्तुमान एकक, त्याची व्याख्या पुढे लागणार आहे, तेव्हा बघू.) टक्क्यांना १०० ने भागून दशांशात आणायचं, प्रत्येक वस्तुमानाला आपापल्या हिश्श्याने गुणायचं आणि बेरीज करायची:

३४.९६८८५ × ०.७५७६ = २६.४९२४०
३६.९६५९० × ०.२४२४ = ८.९६०५३
बेरीज = ३५.४५२९३ u

सारणीतलं ३५.४५ ते हेच. तुम्ही ३५ × ०.७५७६ + ३७ × ०.२४२४ केलंत, ते ३५.४८४८ येतं. फरक ०.०३ चा, आणि तो आकडेमोडीत कुठे सांडलेला नाही. क्लोरीन-३५ हा ३५ पेक्षा ०.०३११५ ने हलका आहे आणि क्लोरीन-३७ हा ३७ पेक्षा ०.०३४१० ने. दोन्ही सुमारे ०.०३ ने हलके, म्हणून सरासरीही तेवढीच खाली. आणि ३५.५ कुठून आलं? टक्केवारी ७५ आणि २५ अशी गोळाबेरीज धरली आणि अणुवस्तुमानांक वापरले की नेमकं ३५.५ मिळतं. खऱ्या किमतीलाही एकाच दशांश स्थळापर्यंत आणलं तर ३५.५ च होतं. तोंडी गणितांना ते चालतं, म्हणून शाळेत टिकून आहे.

दोनच समस्थानिक असतील तर मी सहसा दोन गुणाकार करत नाही. हलक्या अणूपासून सुरुवात करायची आणि दोन वस्तुमानांतल्या अंतरापैकी किती वर चढायचं तेवढंच काढायचं:

३४.९६८८५ + (३६.९६५९० − ३४.९६८८५) × ०.२४२४
= ३४.९६८८५ + १.९९७०५ × ०.२४२४
= ३४.९६८८५ + ०.४८४०८ = ३५.४५२९३

उत्तर तेच, पण या मांडणीत सरासरी कुठे बसते ते डोळ्यांसमोर दिसतं. ३४.९७ आणि ३६.९७ यांच्या मधल्या पट्टीवर जवळजवळ पाव अंतर चालून गेलेला तो बिंदू आहे. उत्तर या पट्टीच्या बाहेर पडलं, तर कुठेतरी चूक झाली हे पुढची आकडेमोड न करताही कळतं. सर्वांत जास्त आढळणारी चूक मात्र पट्टीच्या आतच राहते: दोन वस्तुमानं मिळवून दोनाने भागणं. त्याने ३५.९६७ येतं. म्हणून दुसरी खूण लक्षात ठेवायची, की उत्तर जास्त प्रमाणाच्या समस्थानिकाकडे झुकलेलं असलं पाहिजे. टक्क्यांना १०० ने भागायला विसरलात तर उत्तर ३५४५ येतं, ते लपत नाही. लपते ती टक्केवारीची बेरीज १०० न भरण्याची चूक. एखादा विरळ समस्थानिक वगळला किंवा आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलले की बेरीज ९९.६ वगैरे होते आणि उत्तर गुपचूप खाली सरकतं. अशा वेळी आलेल्या बेरजेला १०० ने नव्हे, तर टक्क्यांच्या त्या बेरजेनेच भागायचं.

टक्केवारी तुम्हाला तयार मिळाली. ती मास स्पेक्ट्रोमीटर या अणू-रेणू वस्तुमानाप्रमाणे वेगळे करणाऱ्या उपकरणाच्या आलेखावरून काढतात. तो आलेख हातात आला, तर तिथे एक ठरलेला सापळा असतो. आलेखात सर्वांत उंच शिखराला १०० धरलेलं असतं आणि बाकीची शिखरं त्याच्या तुलनेत दाखवलेली असतात. क्लोरीनमध्ये ३५ ला १०० आणि ३७ ला ३२ दिसतं. हे ३२ म्हणजे ३२ टक्के नव्हे. एकूण १३२ पैकी १००, म्हणजे ७५.७६ टक्के, आणि १३२ पैकी ३२, म्हणजे २४.२४ टक्के. शिवाय हे टक्के अणूंच्या संख्येचे आहेत, वजनाचे नव्हेत. एक ग्रॅम क्लोरीनमध्ये क्लोरीन-३५ चा वजनी वाटा ७४.७३ टक्केच असतो, कारण त्याचे अणू हलके असतात. वजनी टक्के वरच्या सूत्रात घातले तर ३५.४७ येतं, जे बरोबर उत्तराच्या इतकं जवळ असतं की शंकाही येत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. पूर्णांक न येण्याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. पहिलं कारण मिश्रणाचं, ते आत्ता पाहिलं. क्लोरीन ३५ पासून ३५.४५ पर्यंत सरकतं ते याच कारणाने, आणि जिथे अपूर्णांक असा ठळक दिसतो तिथे बहुधा हेच कारण असतं. ३५.४५ वजनाचा क्लोरीनचा अणू जगात एकही नाही. प्रत्येक अणू एकतर ३४.९७ चा नाहीतर ३६.९७ चा. ब्रोमीन याहून फसवं आहे. सारणीत त्याचं वस्तुमान ७९.९०४, म्हणजे जवळजवळ ८०. त्यावरून ब्रोमीन-८० हा मुख्य समस्थानिक असेल असं वाटतं. प्रत्यक्षात निसर्गातलं ब्रोमीन ७९ आणि ८१ यांचं आहे, ५०.६९ आणि ४९.३१ टक्के, ८० चा स्थिर अणूच नाही. सरासरी पूर्णांकाच्या जवळ आली म्हणून त्या पूर्णांकाचा समस्थानिक असलाच पाहिजे असं नाही.

दुसरं कारण कळण्यासाठी एकच समस्थानिक असलेलं मूलद्रव्य घ्या, म्हणजे मिश्रणाचा प्रश्नच उरत नाही. फ्लोरीन निसर्गात फक्त फ्लोरीन-१९ च्या रूपात असतं, तरी सारणीत ते १८.९९८ आहे. सोडियम २२.९९०, ॲल्युमिनियम २६.९८२, फॉस्फरस ३०.९७४, सोनं १९६.९६७, ही सगळी एकाच समस्थानिकाची आणि सगळी पूर्णांकाच्या किंचित खाली. इथे काय होतंय ते क्लोरीन-३५ वरच तपासू.

त्यात १७ प्रोटॉन, १८ न्यूट्रॉन आणि १७ इलेक्ट्रॉन. एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन मिळून हायड्रोजन-१ चा अणू, १.००७८२५ u. सुटा न्यूट्रॉन १.००८६६५ u. म्हणजे सुट्या भागांची बेरीज:

१७ × १.००७८२५ = १७.१३३०३
१८ × १.००८६६५ = १८.१५५९७
बेरीज = ३५.२८९०० u

जोडलेला अणू मात्र ३४.९६८८५ u भरतो. ०.३२०१५ u गायब. हीच वस्तुमान तूट. कण केंद्रकात एकत्र बांधले जाताना जी ऊर्जा बाहेर पडते, ती E = mc² प्रमाणे आपल्या वाट्याचं वस्तुमान घेऊन जाते. म्हणजे 'प्रोटॉन-न्यूट्रॉन पूर्णांकात' हे त्यांच्या संख्येपुरतंच खरं आहे. वजनाने सुटा कण १ पेक्षा जास्त असतो आणि बांधलेला कण सुट्यापेक्षा हलका.

इथे एक रास्त शंका येते: सुट्या भागांची बेरीज ३५ च्या वर आहे आणि तूट पडून ती खाली येते, पण नेमकी ३५ च्या इतकी जवळ का थांबते? कारण एककच तसं निवडलेलं आहे. u म्हणजे कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. कार्बन-१२ चे सुटे भाग मिळवले तर १२.०९८९४ येतात. जोडलेल्या अणूला आपण व्याख्येनेच १२ म्हणतो. म्हणजे दर कणामागे ०.००८२४५ ची सूट त्या एककात आधीच धरलेली आहे. क्लोरीन-३५ मध्ये हीच सूट दर कणामागे ०.००९१४७ पडते. कार्बनपेक्षा क्लोरीनचं केंद्रक थोडं जास्त घट्ट बांधलेलं आहे, म्हणून ते पूर्णांकाच्या थोडं खाली उतरतं. फ्लोरीनची सूट ०.००८३५१, कार्बनपेक्षा नावाला जास्त, म्हणून ते १९ च्या जेमतेम खाली आहे. उलट युरेनियम-२३८ मध्ये ती ०.००८१२७ इतकी कमी होते आणि त्याचं वस्तुमान २३८.०५०८, म्हणजे पूर्णांकाच्या वर जातं. नेमका पूर्णांक फक्त कार्बन-१२ ला मिळतो, तोही निसर्गाने दिलेला नाही, १९६१ पासून माणसांनी ठरवून दिलेला आहे. त्याआधी रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक ऑक्सिजनच्या मिश्रणाला १६ मानत आणि भौतिकशास्त्रज्ञ ऑक्सिजन-१६ या एका समस्थानिकाला, त्यामुळे दोघांची कोष्टकं थोडी वेगळी निघत.

हायड्रोजनबद्दल जाता जाता. १.००८ मधले ते ०.००८ जड हायड्रोजनमुळे, असं पुष्कळ जण धरून चालतात. ड्यूटेरियमचं प्रमाण दहा हजारांत एखाददुसरा अणू एवढंच असतं आणि सरासरीत त्याची भर सुमारे ०.०००१. उरलेलं सगळं हायड्रोजन-१ चं स्वतःचं आहे: त्याच्या केंद्रकात एकच प्रोटॉन, बांधायला दुसरं कोणी नाही, म्हणून सूटही नाही.

ही दोन कारणं शास्त्रज्ञांनाही एकदम सापडली नाहीत. १८१५ मध्ये विल्यम प्राऊटने सुचवलं होतं की सगळी वस्तुमानं हायड्रोजनच्या पटीत असावीत. त्या कल्पनेच्या वाटेत क्लोरीनचं साडेपस्तीस पुढे शंभर वर्षं आडवं पडून होतं. केंब्रिजमध्ये फ्रान्सिस ॲस्टनने १९१९ पासून मास स्पेक्ट्रोग्राफवर क्लोरीन ३५ आणि ३७ असं फोडून दाखवलं तेव्हा पहिलं कारण मिळालं, आणि प्राऊट जवळजवळ खरा ठरला. मग ॲस्टननेच उपकरण आणखी अचूक केलं आणि १९२७ मध्ये समस्थानिकांची वस्तुमानंही पूर्णांकापासून किती ढळतात याचा आलेख मांडला. ते दुसरं कारण.

परीक्षेत हेच गणित उलटं येतं: सरासरी दिली आहे, टक्केवारी काढा. आणि अणुवस्तुमानांक वापरण्याची सवय तिथे फार महागात पडते. क्लोरीन-३५ चा हिस्सा x धरा. वरच्याच पट्टीवर:

x = (३६.९६५९० − ३५.४५३) ÷ १.९९७०५ = १.५१२९ ÷ १.९९७०५ = ०.७५७६

आता हेच ३७ आणि ३५ घेऊन करा: (३७ − ३५.४५३) ÷ २ = ०.७७३५. सुलट गणितात जी चूक ३५.४५ ऐवजी ३५.४८ एवढीच दिसत होती, ती इथे ७५.७६ ऐवजी ७७.३५ टक्के होऊन बसते. कारण ०.०३ चं अंतर ३५ च्या तुलनेत नगण्य आहे, पण आपण आता ते २ च्या तुलनेत मोजतोय. म्हणून माझा नियम असा: अणुवस्तुमानांक वापरायचेच असतील, तर सरासरीही त्यांच्याच जातीची, म्हणजे ३५.५, घ्यायची; मग निदान ७५ टक्के येतात. अचूक सरासरी आणि ढोबळ वस्तुमानं यांची खिचडी दोन्ही ढोबळ घेण्यापेक्षा वाईट. आणि हा उलटा हिशेब दोन समस्थानिकांपुरताच चालतो. मॅग्नेशियमला २४, २५, २६ असे तीन आहेत. सरासरी २४.३०५ आणि 'सगळे मिळून १' अशी दोन समीकरणं, अज्ञात तीन. त्यांच्यातलं एखादं गुणोत्तर वेगळं दिलेलं नसेल तर ते गणित सुटणार नाही, कितीही खटपट केली तरी.

शेवटी, ३५.४५ च का, ३५.४५२९३ का नाही? कॅल्क्युलेटरवर पाच दशांश दिसतात खरे, पण ते सगळे भरवशाचे नाहीत. समस्थानिकांची वस्तुमानं अतिशय अचूक माहीत आहेत. कच्ची बाजू टक्केवारीची. १.९९७०५ ने गुणण्याच्या त्या मांडणीत बघा: टक्केवारी ०.१ ने इकडेतिकडे झाली की सरासरी ०.००२ ने हलते. ७५.७६ मध्ये तेवढी अनिश्चितता आहेच, त्यामुळे ३५.४५३ मधला शेवटचा ३ सुद्धा डळमळीत आहे. आणि ही फक्त मोजमापाची कसर नाही. क्लोरीन कुठून आलं त्यावर दोन समस्थानिकांचं प्रमाण खरोखरच थोडं बदलतं. म्हणून आययूपॅक ही रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना २००९ च्या कोष्टकापासून क्लोरीनला एक आकडा न देता ३५.४४६ ते ३५.४५७ असा पल्ला देते, आणि सोयीसाठी ३५.४५ सुचवते. याच पल्ल्यातून उलटं गेलात तर क्लोरीन-३७ चं प्रमाण २३.८९ ते २४.४४ टक्क्यांच्या दरम्यान फिरतं असं निघतं.

यावरून सारणीतली एक विसंगती उलगडते, जी बहुतेकांना खटकते पण कोणी विचारत नाही: फ्लोरीनला १८.९९८४०३१६२ इतके अंक आणि शिशाला नुसतं २०७.२. फ्लोरीनमध्ये टक्केवारीच नाही, म्हणून वस्तुमान जितकं अचूक मोजता येईल तितके अंक. शिसं याच्या दुसऱ्या टोकाला. युरेनियम-२३८ चा क्षय होत होत शेवटी शिसं-२०६ उरतं, युरेनियम-२३५ चं शिसं-२०७ आणि थोरियम-२३२ चं शिसं-२०८. त्यामुळे कुठल्या खनिजातलं शिसं हाती घेतलं यावर त्याची सरासरी ठरते. हार्वर्डमध्ये टी. डब्ल्यू. रिचर्ड्सने १९१४ मध्ये किरणोत्सारी खनिजांतल्या शिशाचं अणुवस्तुमान साध्या शिशापेक्षा कमी भरतं हे तोलून दाखवलं होतं. आज शिशाचा अधिकृत पल्ला २०६.१४ ते २०७.९४ असा जवळजवळ दोन एककांचा आहे. त्यापुढे २०७.२ नंतर आणखी अंक लिहिणं म्हणजे खोटी अचूकता.

तुमच्या वापरापुरतं सांगायचं तर द्रावण करताना, अनुमापनात, मोलच्या हिशेबात सरासरीच घ्या, कारण बाटलीत असंख्य अणूंचं मिश्रण असतं: सोडियम क्लोराइडला २२.९९ + ३५.४५ = ५८.४४. मास स्पेक्ट्रोमीटरसमोर बसलात की मात्र सरासरी विसरा. तिथे एकेक रेणू वेगळा तोलला जातो. क्लोरोफॉर्मचं सरासरी रेणुवस्तुमान ११९.३८, पण त्या जागी शिखर शोधायला गेलात तर रिकामी जागा सापडेल. तिन्ही क्लोरीन ३५ चे, कार्बन १२ चा आणि हायड्रोजन १ चा असलेल्या रेणूचं शिखर ११७.९१ ला येतं, एका क्लोरीनच्या जागी ३७ आला की ११९.९१ ला. ११९.३८ या दोन्हींच्या मधे आहे, आणि त्या वजनाचा रेणूच नसतो.